हॉटेलचे तारे कशाची हमी देतात आणि कशाची नाही: बडोद्यात पहिल्यांदा खोली ठरवणाऱ्यांसाठी

बडोद्याला लग्नकार्यासाठी, विद्यापीठातील प्रवेशासाठी किंवा केवडियाला जाताना वाटेतला मुक्काम म्हणून येणारे पाहुणे हल्ली नातेवाइकांची अडचण नको म्हणून हॉटेलमध्येच उतरतात. त्यांतले जे पहिल्यांदाच स्वतः खोली ठरवत असतात, त्यांचा आम्हा बडोदेकरांना फोनवर हमखास एक प्रश्न असतो: “थ्री स्टार घेतलं म्हणजे काळजी नाही ना?” या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही, कारण तो तारा कोणी दिला आहे आणि तुमची काळजी नेमकी कशाची आहे, या दोन गोष्टींवर उत्तर अवलंबून असते. म्हणून खोली शोधायला बसण्यापूर्वी पुढील क्रमाने जावे.

पहिली पायरी: तारा कोणी दिला ते ओळखा

मोबाइलवर हॉटेल शोधले की गूगलच्या यादीत नावाखाली साधारण अशी ओळ दिसते: `4.1 ★ (1,203) · 3-star hotel`. नवख्या माणसाला हे दोन्ही आकडे एकाच मापाचे वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिला आकडा हा तिथे राहून गेलेल्या लोकांनी दिलेल्या गुणांची सरासरी आहे आणि कंसातली संख्या म्हणजे किती जणांनी गुण दिले ते. दुसरा भाग हॉटेलची श्रेणी सांगतो, परंतु ती सरकारने ठरवलेली असेलच असे नाही. भागीदार संकेतस्थळांची माहिती, स्वतः गोळा केलेली माहिती, हॉटेलवाल्यांनी कळवलेले तपशील आणि खोलीचा आकार, भाव, सोयी यांवरून संगणकाने बांधलेला अंदाज यांतून गूगल ही श्रेणी काढते. बुकिंगच्या इतर अ‍ॅपवरही पुष्कळदा हॉटेलने स्वतःच भरलेली श्रेणी दिसते. म्हणजे एकाच हॉटेलला एका अ‍ॅपवर तीन तारे आणि दुसऱ्यावर दोन तारे दिसले, तर त्यात कोणी लबाडी केली आहे असे लगेच समजू नये; दोघांनी आपापल्या पद्धतीने अंदाज केला आहे, एवढेच.

भारतात अधिकृत तारा फक्त केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणातून मिळतो. त्यात एक ते पाच तारे आणि त्यावर ‘फाइव्ह स्टार डीलक्स’ अशा श्रेणी आहेत. राजवाडे, हवेल्या, गढ्या यांतून झालेल्या हॉटेलांसाठी तारे नसून हेरिटेज बेसिक, क्लासिक आणि ग्रँड असे वेगळे वर्ग आहेत. त्यामुळे जुन्या वाड्यातल्या हॉटेलच्या नावापुढे तारे दिसले नाहीत, तर ते कमी दर्जाचे आहे असे मानण्याचे कारण नाही. सिक्स स्टार, सेव्हन स्टार ही विशेषणे या वर्गीकरणात नाहीतच. ती जाहिरातीची भाषा आहे.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की हे वर्गीकरण ऐच्छिक आहे. ज्याला तारा हवा तो हॉटेलमालक अर्ज करतो, शुल्क भरतो, आणि मग समिती येऊन तपासणी करते. या समितीत सरकारी पर्यटन खात्याचे अधिकारी, हॉटेल व पर्यटन व्यवसायाच्या संघटनांचे प्रतिनिधी आणि हॉटेल व्यवस्थापन संस्थेचे प्राचार्य असतात. तारा मिळाला की तो पाच वर्षे चालतो, नंतर नव्याने अर्ज करावा लागतो. सयाजीगंजातील किंवा रावपुऱ्यातील एखाद्या चांगल्या चाललेल्या जुन्या हॉटेलच्या मालकाला या सगळ्या खटाटोपाची गरज वाटत नसेल, तर तो अर्ज करत नाही, आणि त्याचे हॉटेल स्वच्छ व सोयीचे असूनही कायदेशीररीत्या बिनताऱ्याचे राहते.

तपासून पाहायचे असेल तर मंत्रालयाच्या nidhi.tourism.gov.in या पोर्टलवर हॉटेलचे नाव व शहर घालून शोधता येते. येथे एक सावधगिरी मात्र हवी. या पोर्टलवर नोंदणी असणे वेगळे आणि वर्गीकरण मिळालेले असणे वेगळे. नोंदणी कोणत्याही निवासव्यवस्थेला करता येते. तिचा क्रमांक दाखवून “आम्ही सरकारमान्य आहोत” असे कोणी सांगितले, तर त्याचा अर्थ तारा मिळाला असा होत नाही. पोर्टलवर शोधणे जमत नसेल, तर हॉटेलला फोन करून सरळ विचारावे की तारा पर्यटन मंत्रालयाचा आहे का आणि त्याची मुदत कधीपर्यंत आहे. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र असते ते तारीख सांगतात. ज्यांच्याकडे नसते ते “सर, अ‍ॅपवर थ्री स्टारच आहे” असे म्हणतात.

दुसरी पायरी: खऱ्या ताऱ्यातून काय मिळते ते समजून घ्या

अधिकृत तारा हा मुख्यतः सोयींच्या यादीवर मिळतो. समितीच्या हातात एक तपासणी-यादी असते; तीत प्रत्येक श्रेणीला कोणती गोष्ट आवश्यक आणि कोणती असल्यास चांगली, हे लिहिलेले असते. तारांकित हॉटेलात भाड्याने देण्याजोग्या किमान दहा खोल्या असाव्या लागतात. इमारतीचे, अग्निशमनाचे आणि इतर परवाने अर्जासोबत जोडावे लागतात. माझ्या मते पहिल्यांदा प्रवास करणाऱ्याला ताऱ्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे, कारण जिन्याची रुंदी किंवा आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट आपण अ‍ॅपवरच्या छायाचित्रात पाहत नाही.

खोलीच्या आकाराचीही किमान अट आहे. एक आणि दोन ताऱ्यांना स्नानगृह सोडून १२० चौरस फूट, तीन ताऱ्यांना १३०, चार ताऱ्यांना १४० आणि पाच ताऱ्यांना २००. हे आकडे नुसते वाचून सोडून देऊ नयेत. १३० चौरस फूट म्हणजे दहा फूट बाय तेरा फूट. त्यात डबलबेड, लिहायचे टेबल, एक खुर्ची आणि कपाट ठेवले की भिंत आणि पलंग यांच्यामध्ये एक बॅग उघडून ठेवण्याइतकीच जागा उरते. “तिसऱ्यासाठी एक्स्ट्रा गादी टाकून देऊ” असे हॉटेलने सांगितले, तर ती गादी रात्री स्नानगृहाच्या दाराशी येणार, हे ओळखावे. दोन आणि तीन ताऱ्यांच्या खोलीत केवळ दहा चौरस फुटांचा फरक आहे. जास्त भाडे मोठ्या खोलीसाठी देत आहोत अशी समजूत असेल, तर खरा फरक पाचव्या ताऱ्यापाशी पडतो.

वातानुकूलनाचे तसेच आहे. चार आणि पाच ताऱ्यांना सर्व खोल्या वातानुकूलित असणे आवश्यक असले, तरी तीन ताऱ्यांना निम्म्या खोल्या पुरतात. बडोद्याचा मे महिना ज्याने पाहिला आहे तो हे वाक्य दोनदा वाचेल. “थ्री स्टार आहे म्हणजे एसी असणारच” हे गृहीत धरू नये. आरक्षणाच्या पावतीवर खोलीचा प्रकार ‘एसी’ असाच लिहिलेला आहे ना, ते पाहावे. चादरी आणि टॉवेल प्रत्येक नव्या पाहुण्याच्या वेळी बदलणे सर्वांनाच बंधनकारक आहे, मात्र एकच पाहुणा राहत असेल तर एक-दोन ताऱ्यांच्या हॉटेलांनी दिवसाआड बदलले तरी चालते.

ज्यांच्यासोबत वयस्क मंडळी आहेत त्यांनी आणखी एक अट लक्षात ठेवावी. तारांकित हॉटेलात दिव्यांग पाहुण्यासाठी किमान एक खोली असावी लागते, जिचे दार चाकाची खुर्ची आत जाईल इतके रुंद असते, आणि प्रवेशाशी उताराची वाट लागते. आजींचे गुडघे दुखतात आणि स्नानगृहात धरायला दांडा हवा, अशा घराला ही खोली फार उपयोगी पडते. अडचण इतकीच की ती बहुतेक ठिकाणी एकच असते आणि अ‍ॅपवर वेगळी दिसत नाही; फोन करून ती आपल्या नावावर ठेवून घ्यावी लागते.

तिसरी पायरी: ताऱ्याबाहेरच्या गोष्टींची स्वतंत्र चौकशी करा

तपासणी-यादीत सोय आहे की नाही ते पाहिले जाते. ती आज रात्री कशी चालेल, हे त्या प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. चार वर्षांपूर्वी तपासणीच्या दिवशी नवीन असलेला गीझर आज अर्धी बादलीच गरम पाणी देत असेल, तरी तारा कायम असतो. स्वागतकक्षातल्या माणसाचे वागणे, मालक बदलल्यानंतर उतरलेली स्वच्छता, नाश्त्याची चव या गोष्टी फक्त अलीकडच्या पाहुण्यांच्या अभिप्रायांतून कळतात. म्हणून अभिप्राय ‘नवीन आधी’ या क्रमाने लावून गेल्या दोन-तीन महिन्यांतलेच वाचावेत आणि सरासरी गुणांपेक्षा एकाच तक्रारीची पुनरावृत्ती शोधावी. एकाने लिहिले की पाणी गार होते, तर तो त्याचा दिवस वाईट असेल. पाच जणांनी लिहिले तर गीझर बिघडलेला आहे.

आवाज हा बडोद्यातला खास विषय आहे. नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरबा चालतो, आणि लग्नाच्या हंगामात पार्टी प्लॉटमधून वरात निघते तेव्हा शेजारच्या हॉटेलला किती तारे आहेत याने ढोल हळू होत नाही. नकाशावर हॉटेल उघडून दोन-तीनशे मीटरच्या परिसरात ‘पार्टी प्लॉट’, ‘हॉल’ किंवा ‘वाडी’ अशी नावे दिसतात का ते पाहावे, आणि दिसली तर मागच्या बाजूची खोली मागावी. नवरात्रात खोल्यांचे भाव चढतात ते वेगळेच. भाव आणि तारा यांचे नाते तसेही सैल आहे: कराचा दरसुद्धा ताऱ्यावरून ठरत नाही, खोलीच्या भाड्यावरून ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचे एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याहून अधिक असेल तर १८ टक्के आहे.

महाराष्ट्रातून येणाऱ्या मंडळींना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे इथल्या मोठ्या तारांकित हॉटेलातही मुंबईसारखा बार दिसणार नाही. मंत्रालयाच्या वर्गीकरणात वरच्या श्रेणी मद्यासह किंवा मद्याशिवाय अशा दोन्ही प्रकारे मिळतात, तेव्हा बार नसणे हे तारा खोटा असल्याचे लक्षण नाही. बाहेरच्या राज्यातील पाहुण्यांसाठी परवान्याची व्यवस्था आहे, पण तिची चौकशी ज्याने त्याने हॉटेलकडे आधी करावी.

हॉटेलचे स्वतःचे नियमही ताऱ्याबाहेरचे असतात: खोली किती वाजता मिळणार, किती वाजता सोडायची, रद्द केल्यास पैसे परत मिळणार का, ओळखपत्र स्थानिक पत्त्याचे चालेल का. यांतला शेवटचा प्रश्न बडोद्यातच राहणाऱ्या नातेवाइकाने पाहुण्यांबरोबर एक रात्र राहायचे ठरवले की अचानक उभा राहतो, कारण पुष्कळ हॉटेले स्थानिक पत्त्याच्या ओळखपत्रावर खोली देत नाहीत.

एक उदाहरण, आकड्यांसह

दांडिया बाजारात शनिवारी लग्न आहे आणि दादरहून चार माणसे येणार आहेत असे समजू: काका, काकू, त्यांचा मुलगा आणि शहात्तर वर्षांच्या आजी. गाडी शुक्रवारी पहाटे पाचला बडोद्याला पोचते आणि परतीची गाडी शनिवारी रात्री अकराला आहे. दोन खोल्या हव्यात. मुलाने दोन हॉटेले निवडली आहेत. पहिले अलकापुरीच्या बाजूला, अ‍ॅपवर तीन तारे, भाडे २,४०० रुपये, पाहुण्यांचे गुण ३.६. दुसरे सयाजीगंजात, तारा नाही, भाडे १,९०० रुपये, गुण ४.३. मुलाचा कल साहजिकच पहिल्याकडे आहे, कारण आजी बरोबर आहेत आणि ‘थ्री स्टार’ म्हटले की घरचे निर्धास्त होतात.

पोर्टलवर शोधल्यावर पहिल्या हॉटेलची नोंदणी सापडते, वर्गीकरण सापडत नाही. म्हणजे ते तीन तारे अ‍ॅपचे आहेत आणि वर सांगितलेल्या किमान अटींपैकी एकीचाही आधार घेता येत नाही. आता दोन्ही हॉटेले एकाच पातळीवर आली, आणि पुढची निवड फोनवर करायची आहे.

पहिले हॉटेल सांगते की खोली दुपारी बाराला मिळेल. पहाटे पाचला हवी असेल तर प्रत्येक खोलीमागे अर्ध्या दिवसाचे भाडे द्यावे लागेल. दुसऱ्या हॉटेलात चोवीस तासांचा हिशोब आहे: ज्या वेळी खोली घेतली त्या वेळेपासून दिवस मोजायचा. स्टेशनाजवळच्या अनेक जुन्या हॉटेलांत ही पद्धत टिकून आहे आणि रात्रीच्या गाड्यांनी येणाऱ्यांना ती फार सोयीची पडते. आता बेरीज करू. पहिल्या हॉटेलात दोन खोल्या, दोन दिवस, २,४०० प्रमाणे ९,६०० रुपये. पहाटेचे जादा २,४००. एकूण १२,०००, त्यावर ५ टक्के कर ६०० रुपये, म्हणजे १२,६०० रुपये. दुसऱ्यात १,९०० प्रमाणे ७,६०० रुपये, कर ३८० रुपये, म्हणजे ७,९८० रुपये. शुक्रवारी पहाटे पाचपासूनचे दोन दिवस रविवारी पहाटे पाचला संपतात, त्यामुळे शनिवारी रात्री गाडीच्या वेळेपर्यंत खोल्या हातात राहतात आणि आजींना लग्नाहून परतल्यावर आडवे होता येते.

पैशांचा हिशोब दुसऱ्याच्या बाजूने झाला, तरी निर्णय अजून झालेला नाही. आजींसाठी तीन प्रश्न उरतात: लिफ्ट आहे का आणि रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत, संडास कमोडचा आहे का, खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर “हो, खिडकी आहे” असे मिळाले तर ती डक्टमध्ये उघडते की रस्त्याकडे, हेही विचारावे, कारण डक्टच्या खिडकीतून हवा येत नाही, खालच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास येतो. सयाजीगंजातल्या हॉटेलने सांगितले की लिफ्ट आहे, पण तळमजल्याला पाच पायऱ्या आहेत आणि कठडा एकाच बाजूला आहे. आजी काठी घेऊन पाच पायऱ्या चढू शकतात, म्हणून हे हॉटेल घेण्यास हरकत नाही. त्या चाकाच्या खुर्चीवर असत्या, तर मात्र मी यांपैकी एकही हॉटेल सुचवले नसते आणि ज्याचे वर्गीकरण पोर्टलवर दिसते असे हॉटेल थोडे महाग असले तरी घ्यायला सांगितले असते, कारण तिथे उताराची वाट आणि रुंद दाराची खोली ही मालकाची मर्जी नसून श्रेणीची अट असते.

शेवटची पायरी: ठरलेले लिहून घ्या आणि ओळखपत्र देण्यापूर्वी खोली पाहा

फोनवर जे ठरले ते हॉटेलच्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर एका संदेशात लिहून पाठवावे: तारीख, पोचण्याची वेळ, खोल्यांचा प्रकार, करासह भाडे, खोली सोडण्याची वेळ आणि खिडकीविषयी किंवा मजल्याविषयी दिलेला शब्द. त्यांचे “ओके” आले की पुरे. अ‍ॅपवरून आरक्षण केले असेल तर हॉटेलच्या पानाचे, तिथे दिसणाऱ्या ताऱ्यांसह, एक चित्र मोबाइलमध्ये जपून ठेवावे.

पोचल्यावर नोंदवहीत सही करण्यापूर्वी कोणी तरी एकाने वर जाऊन खोली पाहून यावी. गरम पाण्याचा नळ दोन मिनिटे सोडून पाहावा, एसी चालू करावा, दाराची आतली कडी नीट लागते का ते पाहावे, खिडकी उघडावी. हॉटेलने तारा सांगितला असेल तर स्वागतकक्षात वर्गीकरणाचे प्रमाणपत्र लावले आहे का आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. कबूल केलेल्याहून वेगळी खोली देत असतील तर बॅगा खालीच ठेवून बदलून मागावी. एकदा सामान लागले आणि ओळखपत्राची प्रत काढली गेली की आपणच कंटाळून गप्प बसतो. तिथे ऐकलेच नाही, तर आधी अ‍ॅपच्या मदत क्रमांकावर आणि मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो संदेश व ताऱ्यांचे ते चित्र सोबत जोडावे.